घरातली हवा – लेखांक ५ : रंग वाळला, पण वाफ गेली का?

मागच्या आठवड्यात आपण चुलीचा धूर पाहिला. आता रंगाकडे येऊ. हिंगोलीचा दसरा जवळ आला की गावोगावी घरं रंगवायला निघतात. भिंतींना डिस्टेंपर लागतो. दारं, खिडक्या, ग्रिल यांना ऑइलपेंट, आणि तो पातळ करायला टर्पेंटाइन किंवा थिनर. दिवसा सगळं उघडं असतं. तिन्हीसांजेला मात्र डास येतात म्हणून खिडक्या लावल्या जातात आणि त्याच खोलीत अंथरुणं पडतात. खरी अडचण इथे सुरू होते.

दहा बाय दहाची, दहा फूट उंचीची खोली घ्या. तिच्यात सुमारे २८ घनमीटर हवा मावते. दार, दोन खिडक्या आणि ग्रिलला अर्धा लिटर ऑइलपेंट लागला, तर त्यातला साधारण २०० ग्रॅम भाग उडून जाणारा असतो. वर १०० मिलिलिटर टर्पेंटाइन घातलं की आणखी ८० ग्रॅम. खोली पूर्ण बंद धरली, तर प्रत्येक घनमीटर हवेत दहा ग्रॅम वाफ, म्हणजे १०,००० मिलिग्रॅम. जर्मनीच्या पर्यावरण खात्याच्या निकषांनुसार १० मिलिग्रॅमच्या वर गेलेली खोली राहण्यालायक धरत नाहीत.

ही वाफ घालवायची कशी? खोलीत येणारी ताजी हवा जुन्या हवेत मिसळत जाते, म्हणून खोलीभर हवा एकदा बदलली तरी सुमारे ३७ टक्के वाफ मागे उरते. हजारपट खाली यायला सात वेळा हवा बदलावी लागते. समोरासमोरची दार-खिडकी उघडी असेल तर हे दोन-तीन तासांत होऊ शकतं. बंद खोलीत चौदा-पंधरा तासही लागतात.

हा हिशोब रंगातून नवी वाफ येणं थांबल्यावरचा. ऑइलपेंट हाताला कोरडा लागला तरी आतलं तेल हवेतला प्राणवायू घेऊन कडक होत राहतं आणि त्यातून हेक्झानलसारखी द्रव्यं बाहेर पडतात. तो तेलकट, उग्र वास कित्येक दिवस येतो. गाद्या आणि पडदेही वाफ शोषतात आणि नंतर हळूहळू सोडतात, म्हणून रंग द्यायच्या आधी ते बाहेर काढलेले बरे.

आणि वास मारायला फवारलेलं रूम फ्रेशनर? त्याने थिनरचा एक कणही कमी होत नाही, उलट नवी भर पडते. लिंबू-संत्र्याच्या सुगंधातलं लिमोनीन हवेतल्या ओझोनशी मिसळलं की त्यातून फॉर्माल्डिहाइड तयार होतं, ज्याने डोळे-घसा चुरचुरतात.

आपल्या नाकावर विसंबू नका, ते तासाभरात सरावतं. बाहेरून आलेल्या शेजाऱ्याला विचारा. घरात डोकं जड होतं, अंगणात गेलं की हलकं वाटतं आणि परत आलं की पुन्हा दुखतं, असं असेल तर त्या खोलीत झोपू नका. बाळाला आणि दम्याच्या माणसाला तर चार-पाच रात्री दुसरीकडेच निजवा. उरलेल्या थिनरचा डबा आणि ब्रश बुडवलेली वाटी पलंगाखाली न ठेवता, झाकण घट्ट लावून, चूल-दिव्यापासून आणि पोरांच्या हातापासून लांब, घराबाहेर ठेवा.