ㅋㅋㅋ : कोरियन व्यंजनांतले हसू आणि थरकाप

कोरियन माणूस मोबाइलवर हसतो तेव्हा बहुधा एकच व्यंजन सलग टाइप करतो : ㅋㅋㅋ. हे कोरियन लिपीतले महाप्राण व्यंजन आहे आणि त्याचा उच्चार आपल्या ‘ख’च्या जवळचा आहे. त्याला स्वर जोडलेला नसतो. वाचणारा मनातल्या मनात ‘ख् ख् ख्’ असे दाबलेले हसू ऐकतो.

हे शक्य होते ते लिपीच्या घडणीमुळे. राजा सेजोंगच्या काळात 1443 मध्ये तयार झालेल्या आणि 1446 मध्ये जाहीर झालेल्या हांगुल लिपीत व्यंजने आणि स्वर ही वेगवेगळी चिन्हे असतात. ती एका चौकोनात रचून पूर्ण अक्षर तयार होते. संगणकाच्या कळफलकावरही व्यंजनांच्या कळा डाव्या बाजूला आणि स्वरांच्या मुख्यतः उजव्या बाजूला असतात. त्यामुळे स्वर न देता एकच कळ पुन्हा पुन्हा दाबली की सुटी व्यंजने ओळीने उमटतात.

मात्र पूर्ण अक्षरानंतर लगेच ㅋ दाबला तर एक गंमत होते. कोरियन अक्षराच्या तळाशीही व्यंजन बसू शकते. म्हणून 그래 म्हणजे ‘बरं’ असे लिहून पुढे ㅋㅋㅋ टाइप केले, तर पहिला ㅋ त्या अक्षराखाली जाऊन बसतो आणि 그랰ㅋㅋ असे उमटते. घाईत झालेली ही चूक इतकी ओळखीची झाली की आता काही जण मुद्दामच तसे लिहितात. त्यातून बोलता बोलता हसू फुटल्याचा भास होतो.

हसण्याची छटा ㅋ किती आहेत यावर ठरते. एकटा ㅋ कोरडा वाटतो. वाक्याच्या शेवटी तो आला की समोरचा नाक मुरडतो आहे किंवा हिणवतो आहे, असा समज होऊ शकतो. दोन ㅋ बहुतेकदा शिष्टाचारापुरते असतात. वाक्य तुटक वाटू नये म्हणून ते शेवटी जोडले जातात आणि लिहिणारा प्रत्यक्षात हसत असेलच असे नाही. तीन-चार झाले की मोकळे हसू सुरू होते आणि ओळभर ㅋ म्हणजे हसून हसून पोट दुखणे. या मोजमापाला पक्का नियम नाही. नेहमी दहा ㅋ लिहिणाऱ्या मित्राने एके दिवशी दोनच लिहिले, तर तो फरकच बोलका ठरतो.

ㅎㅎ हे ‘ह’चे व्यंजन. त्यातले हसू मवाळ असते, स्मितासारखे. ओळख नवी असेल किंवा बोलणे जरा जपून करायचे असेल, तर ㅋㅋ पेक्षा ते सुरक्षित वाटते. एकटा ㅎ मात्र कधी कधी खिन्न किंवा नाइलाजाचे हसू दाखवतो.

आश्चर्यासाठी ㄷㄷ लिहितात. कोरियनमध्ये अंग कापण्याला 덜덜, म्हणजे साधारण ‘दॉलदॉल’, असा अनुकरणवाचक शब्द आहे. मराठीत ‘थरथर’ किंवा ‘लटलट’ आहे तसा. त्याच्या दोन्ही अक्षरांची फक्त आरंभीची व्यंजने घेतली की ㄷㄷ होते. मूळ अर्थ भीतीने कापण्याचा, पण वापर त्यापलीकडे गेला आहे. अपघाताची बातमी असो, अवाच्या सवा किंमत असो की एखाद्या खेळाडूची अचाट कामगिरी, तिन्हींवर ㄷㄷ चालते. त्यातून ‘बापरे’ही निघते आणि ‘कमाल आहे’ही. आधी ㅎ जोडून ㅎㄷㄷ लिहिले की जोर आणखी वाढतो.

जोडीने येणारे प्रत्येक व्यंजन आवाजाची नक्कल नसते. ㅇㅇ म्हणजे ‘हो हो’, ㄴㄴ म्हणजे ‘नो नो’ आणि ㄱㄱ म्हणजे ‘गो गो’, चला. ही शब्दांची आद्याक्षरे आहेत. ㅠㅠ मात्र व्यंजन नसून स्वर आहे आणि त्यात आवाजाचा संबंधच नाही. आडव्या रेषेखालच्या दोन उभ्या रेषा डोळ्यांतून ओघळणाऱ्या अश्रूंसारख्या दिसतात, म्हणून ते रडणे.

एखाद्याने ‘परीक्षेत नापास झालो’ असे लिहिले, तर या छटा स्पष्ट होतात. ㅠㅠ हे उत्तर सहानुभूतीचे. ㄷㄷ मध्ये धक्का आहे, पण सांत्वन नाही. एकटा ㅋ जखमेवर मीठ चोळतो. लिहिणाऱ्याने स्वतःच ‘नापास झालो ㅋㅋㅋㅠㅠ’ असे लिहिले असेल, तर हसावे की रडावे अशी त्याची अवस्था आहे आणि मित्रांनीही ㅋㅋㅋ लिहून सोबत हसायला हरकत नाही.

शेवटची मर्यादा नात्याची. कोरियन भाषेत वय आणि मान यांनुसार क्रियापदांची रूपे बदलतात आणि ही लघुरूपे सलगीच्या बोलण्यातली आहेत. मित्राला ㅇㅇ चालते. शिक्षकांना किंवा वरिष्ठांना तेच उत्तर दिले तर ते उद्धट ठरते. तिथे आदरार्थी ‘हो’ पूर्ण लिहावे लागते. हसायचेच असेल, तर फार तर ㅎㅎ, आणि तेही वरिष्ठ तितके मोकळे असतील तरच.