नेट आहे, तरी चाक फिरतंय

टीव्हीच्या पाठीमागे एचडीएमआयच्या खाचेत खोचलेली बोटभर लांबीची स्टिक हा एक पूर्ण संगणक आहे. तिच्यात प्रोसेसर आहे, रॅम आहे, अॅप साठवायला जागा आहे, वायफायचा अँटेना आहे. पंखा मात्र नाही. रोकूने अशी स्टिक २०१२ साली आणली, गूगलचं क्रोमकास्ट २०१३ साली ३५ डॉलरला आलं आणि अॅमेझॉनची फायर टीव्ही स्टिक २०१४ साली अमेरिकेत, २०१७ साली भारतात पोहोचली. साध्या टीव्हीला स्मार्ट करणारं हे यंत्र घराघरांत गेलं, आणि त्याच्याबरोबर पडद्याच्या मधोमध फिरणारं ते गोल चाकही गेलं.

चाक फिरलं की आपण नेटला दोष देतो. पुष्कळदा तो खरा असतो. पण नेट उत्तम असताना, शेजारच्या फोनवर तोच चित्रपट विनासायास चालू असताना टीव्हीवर चाक फिरतं, तेव्हा अडचण स्टिकच्याच पोटात असते. हाच भाग स्मार्ट टीव्हीलाही लागू आहे, कारण त्याच्या आतही असाच छोटा संगणक बसवलेला असतो.

चित्र पडद्यापर्यंत येतं कसं, ते आधी पाहू. चित्रपट सलग धारेत येत नाही. सर्व्हरवर त्याचे काही सेकंदांचे तुकडे करून ठेवलेले असतात आणि प्रत्येक तुकडा कमी-जास्त दर्जाच्या अनेक प्रतींत तयार असतो. स्टिकमधलं अॅप पुढचे तुकडे आगाऊ मागवून रॅममध्ये जमवतं. या साठ्याला बफर म्हणतात. गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीसारखंच हे काम चालतं. नगरपालिकेचं पाणी थोडा वेळ गेलं तरी टाकी भरलेली असेल तोवर नळ चालू राहतो. नेट मंदावलं तर टाकी हळूहळू रिकामी होते आणि मग चाक दिसतं. मात्र टाकी काठोकाठ भरलेली असूनही नळाला धार नसेल, तर दोष आतल्या नळजोडणीत शोधावा लागतो.

स्टिकमधली ही जोडणी लांबलचक आहे. आलेला तुकडा कूटबद्ध असतो, तो उलगडावा लागतो. मग त्यातला आवाज आणि चित्र वेगळं करायचं, चित्र डीकोडरकडे द्यायचं आणि दर सेकंदाला २४ ते ६० चौकटी वेळेवर पडद्याला पुरवायच्या. चित्र उलगडण्याचं सर्वांत जड काम डीकोडर नावाचा खास भाग करतो, पण बाकीची बरीच ओढाताण प्रोसेसरवर येते. प्रोसेसर मंदावला की टाकीत येणारं पाणीही मंदावतं आणि नळाची धारही.

तो मंदावतो, याचं पहिलं कारण उष्णता. पंखा नसलेल्या चिपला थंड होण्याचा एकच मार्ग असतो: भोवतालच्या हवेपेक्षा जास्त तापायचं आणि त्या फरकाच्या जोरावर उष्णता बाहेर सोडायची. समजा, एखादी चिप काम करताना भोवतालपेक्षा ४० अंश वर जाते. खोलीत २८ अंश असतील तर ती ६८ अंशांवर स्थिरावेल. तीच स्टिक भिंतीला चिकटवलेल्या टीव्हीच्या मागे असेल, टीव्हीचीही ऊब तिथेच साठत असेल आणि त्या फटीतली हवा ४५ अंशांवर गेली असेल, तर चिप ८५ अंशांना पोहोचेल. चिप जळू नये म्हणून ठरावीक मर्यादेला यंत्र स्वतःहून प्रोसेसरची गती खाली आणतं. वापरणाऱ्याला त्याची सूचना मिळेलच असं नाही. त्याला दिसतं ते फक्त चाक.

दुसरं कारण स्मृतीची टंचाई. स्वस्त स्टिकमध्ये आणि साध्या स्मार्ट टीव्हीत १ ते दीड जीबी रॅम असते. तिचा मोठा हिस्सा कार्यप्रणाली आणि जाहिरातींनी सजलेला मुखपृष्ठाचा पडदाच घेतो. उरलेल्या जागेत व्हिडिओचं अॅप, त्याचा बफर आणि मागे उघडी राहिलेली इतर अॅप यांनी भागवायचं. जागा संपत आली की अँड्रॉइड मागची अॅप बंद करतं आणि रॅममधला मजकूर दाबून लहान करून ठेवतं. हे दाबणं-उलगडणं प्रोसेसरच करतो, म्हणजे तो आणखी राबतो आणि आणखी तापतो. उष्णता आणि टंचाई अशी एकमेकींना वाढवत नेतात.

नागपुरातल्या एका ओळखीच्या घरी मे महिन्यात हेच घडत होतं. ४३ इंची टीव्ही भिंतीला सपाट लावलेला, स्टिक थेट एचडीएमआयमध्ये खोचलेली आणि तिला वीज टीव्हीच्याच यूएसबीतून दिलेली. रात्री मालिका लावली की पहिला भाग सुरळीत चालायचा, दुसऱ्या भागात चाक सुरू व्हायचं. नेटवाला मुलगा येऊन फोनवर वेग मोजून गेला. "नेट तर बराबर येऊन राह्यलं, काकू," असं त्याने सांगितलं, आणि ते खरंच होतं. तरीही राउटर बदलून झाला, महागडी योजना घेऊन झाली. चाक फिरतच राहिलं.

तिथे आम्ही तीन गोष्टी तपासल्या. पहिली, वेगाची चाचणी फोनवर न करता स्टिकवरच, आणि दोन वेळा: सुरुवातीला स्टिक थंड असताना आणि चाक फिरू लागल्यावर लगेच. थंड असताना आकडा फोनच्या जवळपास होता. तापल्यावर स्टिकवरचा आकडा निम्म्याहून खाली आला, फोनवरचा मात्र जागेवर राहिला. नेटफ्लिक्स ४के चित्रासाठी १५ एमबीपीएस वेग सुचवतं. घरी येणारं नेट त्याच्या कितीतरी पुढे होतं. म्हणजे नेट घरापर्यंत नीट येत होतं, ते पचवणारी स्टिक थकत होती.

दुसरी तपासणी यूट्यूबच्या अॅपमध्ये केली. व्हिडिओ चालू असताना सेटिंगमध्ये `Stats for nerds` हा पर्याय मिळतो. त्यातली `Buffer Health` ही ओळ टाकीत किती सेकंदांचं पाणी आहे ते सांगते, आणि `dropped` हा आकडा वेळेवर न दाखवता सोडून दिलेल्या चौकटींचा. नेट दोषी असेल तर `Buffer Health` शून्याकडे घसरत जातं आणि चित्र आधी धुरकट होतं, कारण अॅप हलक्या दर्जाचे तुकडे मागवू लागतं. इथे टाकीत बरेच सेकंद शिल्लक होते, चित्र स्वच्छ होतं, पण अडखळत होतं आणि `dropped` चा आकडा वाढत होता. धार आत अडत होती, याचा हा थेट पुरावा.

तिसरा साक्षीदार रिमोट. मुख्य पडद्यावर एका चौकोनावरून दुसऱ्यावर जायला इंटरनेट लागत नाही. बटण दाबल्यावर खूण सरकायला सेकंद-दीड सेकंद लागत असेल, तर यंत्र गुदमरलं आहे एवढं नक्की. आता ते उष्णतेने की स्मृतीच्या टंचाईने, हे ओळखण्याची खूण वेळेत आहे. उष्णतेचा दोष चालवल्यावर काही वेळाने येतो. स्टिक नुसती रीस्टार्ट केली तर थोड्याच वेळात परततो, पण वीज काढून पंधरा-वीस मिनिटं गार होऊ दिली तर बराच वेळ येत नाही. स्मृतीचा दोष अनेक अॅप उघडून झाल्यावर येतो, अॅप अचानक बंद होऊन मुख्य पडद्यावर आणून सोडतं, आणि रीस्टार्ट केल्यावर स्टिक गरम असूनही लगेच सुटतो. फायर टीव्हीवर `System X-Ray` नावाची पट्टीही आहे. मधलं बटण आणि खालचं बटण एकत्र पाच सेकंद दाबून ठेवायचं आणि सोडल्यावर मेनूचं बटण दाबायचं. उघडणाऱ्या मेनूत ती सुरू करता येते आणि `CPU`, `MEM`, `NET` यांची स्थिती कोपऱ्यात दिसते.

एका फसव्या निष्कर्षापासून मात्र जपायला हवं. दर्जा ४के वरून १०८०पी केला आणि चाक थांबलं, तर लोक म्हणतात की नेटच कमी पडत होतं. तसं सिद्ध होत नाही. हलक्या चित्राला नेटही कमी लागतं आणि यंत्राला कष्टही कमी पडतात, त्यामुळे दोन्ही आजारांत हाच उपाय लागू पडतो. निदान वरच्या तपासण्यांनीच करावं.

नागपूरच्या घरी उपाय साधे निघाले. स्टिकच्या खोक्यात आलेली एचडीएमआयची छोटी एक्स्टेंडर वायर कपाटात पडून होती. ती लावून स्टिक टीव्हीच्या कडेबाहेर मोकळ्या हवेत लटकवली. वीज मूळ अॅडॉप्टरमधून दिली, कारण टीव्हीची साधी यूएसबी २.० खाच नियमाने अर्धा अँपिअर, म्हणजे अडीच वॉट देते, आणि अनेक स्टिकबरोबर ५ वॉटचा अॅडॉप्टर येतो. पुरेशी वीज मिळाली नाही तर स्टिक अडखळते किंवा आपोआप रीस्टार्ट होते. न वापरली जाणारी अॅप काढली. उरलेल्यांची कॅश साफ केली, डेटा नाही. डेटा पुसला की पुन्हा लॉगिन करावं लागतं. साठवण ८ जीबी लिहिलेली असली तरी वापरायला त्यातली जेमतेम पाच-साडेपाच जीबी मिळते, आणि ती भरत आली की लिहिणं-वाचणंही मंदावतं. रिमोटचं बटण दाबून स्टिक झोपवली तर रॅम रिकामी होत नाही, म्हणून आठवड्यातून एकदा सेटिंगमधून रीस्टार्ट करायचं ठरलं. त्यानंतर रात्रीची मालिका शेवटपर्यंत चालू लागली.

काही उपाय टाळावेत. स्टिकवर अॅल्युमिनियमचा तुकडा चिकटवून फारसा लाभ होत नाही, कारण मधलं प्लास्टिकचं आवरण उष्णता अडवतं. त्यापेक्षा लहान यूएसबी पंख्याचा झोत उपयोगी. गार करायला फ्रिजमध्ये तर कधीच ठेवू नये, बाहेर काढल्यावर आत पाणी धरतं. टीव्ही चालू असताना त्याच्या मागच्या जाळीवर कापडी आवरण येऊ देऊ नये, आणि शोकेसच्या बंद कप्प्यात बसवलेल्या टीव्हीला मागून हवा मिळते का, ते पाहावं.

या यंत्राची एक मर्यादा कोणत्याही उपायाने जात नाही. रॅम चिपसकट पट्टीवर जोडलेली असते, ती वाढवता येत नाही. अॅप मात्र दरवर्षी जड होत जातात. मोकळी हवा, पूर्ण वीज आणि रिकामी जागा देऊनही रिमोट मागे पडत असेल, तर त्या स्टिकचं आयुष्य संपलं आहे. असा जुना स्मार्ट टीव्ही असेल तर तो बदलण्याची गरज नाही. त्याला २ जीबी किंवा अधिक रॅमची नवी स्टिक लावली की पडदा आणखी कित्येक वर्षं चालतो. आणि हे काहीही विकत घेण्याआधी, नेटची महाग योजना घेण्याआधी तर नक्कीच, एकदा `Buffer Health` पाहा आणि टीव्हीच्या मागे हात घालून स्टिक किती तापली आहे ते बघा.