फोन आईचा, डाव मुलाचा

पणजीच्या मांडवीत उभ्या असलेल्या कॅसिनोत शिरायचे तर वयाची एकवीस वर्षे पूर्ण झालेली असावी लागतात. तिथे दारात माणूस उभा असतो. ओळखपत्रावरचे छायाचित्र आणि समोरचा चेहरा तो पडताळून पाहू शकतो. बेळगावच्या खासबागेत, विणकरांच्या वस्तीतल्या एखाद्या घरात रात्री अकराला पांघरुणाखाली उघडलेल्या जुगाराला मात्र असे दारच नसते. पडद्यावर एक चौकोन येतो, ‘माझे वय अठरा वर्षे पूर्ण आहे’ हे वाक्य येते, त्यावर बोट टेकले की आत प्रवेश मिळतो. त्यानंतर जी काही पडताळणी होते ती मोबाइल क्रमांकाची होते, बँक खात्याची होते, क्वचित पॅन किंवा आधारची होते. या चारही गोष्टी आईच्या किंवा वडिलांच्या असतात आणि सगळ्या एकाच फोनमध्ये सापडतात. यंत्रणेच्या लेखी खेळणारी व्यक्ती चाळीस वर्षांची असते, प्रत्यक्षात ती नववीत असते.

वय पडताळणीतली खरी फट ही आहे. पडताळणी अजिबात होत नाही असे नव्हे. ती फोनच्या मालकाची होते, फोन हातात धरणाऱ्याची होत नाही. ओटीपीमुळे एवढेच सिद्ध होते की सिमकार्ड जवळ आहे. ते कोणाच्या हातात आहे, हे ओटीपीला कळण्याचा मार्ग नाही.

याची किंमत काय असू शकते, हे दोन प्रसंगांत दिसले. २०२० साली पंजाबातल्या खरड येथील सतरा वर्षांच्या मुलाने आईवडिलांच्या खात्यांतून सुमारे १६ लाख रुपये पबजी या खेळातील खरेदीवर घालवले. त्यात वडिलांच्या औषधोपचारासाठी राखलेली रक्कमही होती. अभ्यासासाठी म्हणून फोन त्याच्या हाती असे आणि बँकेचे संदेश तो पुसून टाकी. पुढच्याच वर्षी, ऑगस्ट २०२१ मध्ये, मुंबईच्या जोगेश्वरीतील सोळा वर्षांच्या मुलाने त्याच खेळापायी आईच्या खात्यातून सुमारे १० लाख रुपये खर्च केल्याचे उघड झाले. घरचे रागावले तेव्हा तो चिठ्ठी लिहून घरातून निघून गेला. मुलगा अल्पवयीन असल्याने पोलिसांनी अपहरणाचा गुन्हा नोंदवला आणि अंधेरीच्या महाकाली लेण्यांच्या परिसरात तो सापडला. काटेकोरपणे पाहता हे दोन्ही प्रसंग जुगाराचे नव्हेत, खेळातल्या खरेदीचे आहेत. परंतु पैसे घरातून बाहेर पडण्याची वाट तीच आहे. जुगारात तर हरलेले परत मिळवण्याची ओढ तिला येऊन मिळते.

ही वाट टप्प्याटप्प्याने पाहिली तर फटी कुठे आहेत ते उमगते. खासबागेतील असे एक घर कल्पावे. वडील यंत्रमागावर, आई घरी शिवणकाम करणारी, मुलगा पंधरा वर्षांचा, आणि खात्याला जोडलेला चांगला फोन एकच, आईचा. क्रिकेटचा सामना सुरू असताना मित्राकडून व्हॉट्सॲपवर दुवा येतो. ॲप अधिकृत प्ले स्टोअरवरचे नसते, फाइल उतरवून बसवावे लागते. ‘अनोळखी स्रोतावरून ॲप बसवू द्यावे का’ असे फोन विचारतो आणि मुलगा होकार देतो. नोंदणी आईच्या क्रमांकाने होते, ओटीपी त्याच फोनवर येतो, वयाच्या चौकोनावर टिचकी पडते. पहिले शंभर रुपये भरायचे असतात.

येथे यूपीआयचा पिन आड यावा अशी अपेक्षा असते. बहुतेक घरांत तो आड येत नाही, कारण बाजारात भाजीवाल्याला पैसे देण्यासाठी किंवा विजेचे बिल भरण्यासाठी आईनेच तो मुलाला सांगितलेला असतो. सांगितलेला नसला तरीही अडत नाही, आणि ही बाब फार थोड्या पालकांना ठाऊक असते. डेबिट कार्डावरचे शेवटचे सहा अंक, कार्डाची मुदत आणि फोनवर येणारा ओटीपी एवढ्या भांडवलावर अनेक बँकांत नवा पिन ठरवता येतो. अनेक जण कार्ड फोनच्याच कव्हरात खोचून ठेवतात. म्हणजे कुलूप आणि किल्ली एकाच खिशात. शिवाय यूपीआय लाइट सुरू असेल तर एका वेळी एक हजार रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला पिन लागतच नाही. त्यात एकूण पाच हजार रुपये ठेवता येतात, आणि बँकेच्या उताऱ्यावर फक्त ती रक्कम लाइटमध्ये भरल्याची एकच नोंद उमटते. पुढे ती कुठे गेली हे उताऱ्यावर दिसत नाही.

सुरुवातीला शंभराचे दीडशे होऊन खरोखर परतही येतात. नंतर ‘बोनस’ मिळतो आणि त्याच्याबरोबर अट येते: अमुक पट रकमेचे डाव लावल्याशिवाय पैसे काढता येणार नाहीत. मोठी रक्कम गुंतते ती याच टप्प्यावर.

कायदा या विषयात गेली काही वर्षे मागेपुढे होत राहिला. पैशाच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारी कर्नाटकाची पोलीस कायदा दुरुस्ती ऑक्टोबर २०२१ मध्ये अमलात आली आणि १४ फेब्रुवारी २०२२ रोजी कर्नाटक उच्च न्यायालयाने तिच्यातील मुख्य तरतुदी रद्द ठरवल्या. त्यानंतर संसदेने संमत केलेल्या ऑनलाइन गेमिंगविषयक कायद्याला २२ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली. पैसे लावून खेळायचे खेळ पुरवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंड अशी तरतूद त्यात आहे. केवळ खेळणाऱ्याला या कायद्यात शिक्षा नाही, आणि पालकांनी ही गोष्ट आवर्जून लक्षात ठेवायला हवी. देशातल्या मोठ्या कंपन्यांनी त्याच सुमारास पैशाचे खेळ थांबवले. उरली ती परदेशातून चालणारी, नाव आणि पत्ता सतत बदलणारी संकेतस्थळे, आणि टेलिग्राम वा व्हॉट्सॲपवरून ‘आयडी’ देणारे दलाल. परवानाधारक कंपनी पैसे देण्यापूर्वी निदान पॅन तरी मागत असे. इथे तेवढाही अडसर नाही. मटक्याच्या चिठ्ठ्या फाडणाऱ्यालाही एकेकाळी समोर कोणाचा मुलगा उभा आहे हे माहीत असे, हे इथे आठवल्यावाचून राहत नाही.

बेकायदा स्थळांच्या पैशाची वाट निराळी असते, आणि पालकांना माग लागतो तो तिच्यावरूनच. पैसे कंपनीच्या नावे जात नाहीत. ते अनोळखी व्यक्तींच्या किंवा कुठल्याशा ‘एंटरप्रायझेस’च्या खात्यांत जातात. ही खाती भाड्याने घेतलेली असतात आणि दर थोड्या दिवसांनी बदलतात. म्हणून पालकांनी संदेशांवर विसंबू नये, ते पुसता येतात. बँकेचा तीन महिन्यांचा उतारा काढावा, तो पुसता येत नाही. शंभर, दोनशे, पाचशे अशा गोल रकमा, रात्रीच्या किंवा सामन्यांच्या वेळी, दर वेळी वेगळ्या अनोळखी नावाने गेलेल्या दिसल्या, आणि अधूनमधून तशाच अनोळखी नावाकडून काही रक्कम आलेली दिसली, तर शंका रास्त समजावी. पिन बदलल्याचा बँकेचा संदेश आलेला असेल आणि घरात कोणी मोठ्याने तो बदललेला नसेल, तर शंकेलाही जागा उरत नाही.

आलेली रक्कम गेलेल्या रकमेपेक्षा अधिक त्रासाची ठरू शकते. भाड्याच्या खात्यांत इतरांच्या फसवणुकीचा पैसाही फिरत असतो. अशा खात्याविरुद्ध कुठे तक्रार झाली की पोलीस पैशाचा माग काढत पुढच्या खात्यांपर्यंत येतात आणि बँक ती रक्कम किंवा संपूर्ण खाते गोठवते. मुलाने ‘जिंकलेल्या’ आठशे रुपयांपायी आईचे बचत खाते असे अडकू शकते.

प्रकार लक्षात आल्यावर बहुतेक घरांत प्रथम ॲप काढून टाकले जाते. ते थोडे थांबून करावे. आधी खात्याचा तपशील, पैसे भरल्याच्या नोंदी, दलालाशी झालेले संभाषण यांची चित्रे जपून ठेवावीत. मग फोनचे कुलूप आणि पिन बदलावा, फोनमध्ये नोंदवलेला मुलाच्या बोटाचा ठसा काढावा, यूपीआय लाइटमधली रक्कम खात्यात परत घ्यावी, आपोआप पैसे वळते करण्याच्या मंजुऱ्या तपासून रद्द कराव्यात.

त्यानंतर बँक आणि पोलीस. येथे मोह होतो तो ‘फोन हॅक झाला’ असे सांगण्याचा. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार तिसऱ्याच कोणाकडून फसवणूक झाली आणि तीन कामकाजी दिवसांत कळवले तर ग्राहकावर तोशीस पडत नाही. परंतु पिन किंवा ओटीपी ग्राहकाच्याच हलगर्जीने दुसऱ्याच्या हाती गेला असेल, तर कळवण्यापूर्वीचे नुकसान त्यालाच सोसावे लागते. घरातल्या मुलाने केलेला व्यवहार दुसऱ्या प्रकारातच धरला जाण्याची शक्यता अधिक. खोट्या तक्रारीचा तपास व्यवहार त्याच फोनवरून झाले या निष्कर्षापाशी येऊन थांबतो, आणि मग खऱ्या तक्रारीलाही वजन उरत नाही. अल्पवयीन मुलाने आईच्या फोनवरून बेकायदा जुगारस्थळावर पैसे भरले, असेच १९३० या क्रमांकावर किंवा cybercrime.gov.in येथे नोंदवावे. पैसे पुढे सरकण्यापूर्वी तक्रार पोहोचली तर ते समोरच्या खात्यात अडवले जाण्याची आशा असते. महिन्याभरापूर्वी गेलेल्या रकमेबाबत ती फार धरू नये. अधिकृत प्ले स्टोअरवरून झालेल्या खेळांतर्गत खरेदीची गोष्ट वेगळी. तिथे परताव्याची विनंती करण्याची सोय असते, आणि ती खरेदीपासून ४८ तासांच्या आत केलेली बरी.

पुढच्या बंदोबस्तासाठी महागडे काही लागत नाही. मजुरी किंवा बचत ज्या खात्यात जमा होते ते यूपीआयला जोडू नये, दुसरे खाते उघडून त्यात आठवड्याच्या खर्चापुरतेच पैसे ठेवावेत. कार्ड फोनपासून दूर असावे. गॅलरीतली पॅन आणि आधारची छायाचित्रे काढून टाकावीत. मुलाला बाजारहाट करावीच लागत असेल तर पिन सांगण्याऐवजी २०२४ पासून उपलब्ध असलेली यूपीआय सर्कलची सोय पाहावी. तिच्या एका प्रकारात मुलाने केलेला प्रत्येक व्यवहार आईने आपल्या फोनवर स्वतःचा पिन टाकून मान्य केल्यावरच पूर्ण होतो. अर्थात त्यासाठी घरात दोन फोन हवेत. ज्या घरात एकच आहे तिथे पैसे देण्याच्या ॲपला वेगळे कुलूप आणि दर रविवारी उतारा पाहण्याची सवय यांवर भागवावे लागेल.

मुलाशी बोलताना रकमेचा हिशेब पहिल्या रात्री मागू नये. त्याआधी विचारावे ते बाहेरच्या देण्याविषयी. घरचे पैसे पुरेनासे झाले की मुले मित्रांकडून उसने घेतात, दलालाकडून उधारीवर खेळतात, किंवा कोणाला तरी आपले खाते वा सिम वापरू देतात. ही देणी लपलेली राहिली तर घरातल्या फोनला कुलूप लागल्यावरही मुलगा पैशाच्या शोधातच राहतो. वसुलीसाठी कोणी धमकावत असेल तर तेही पोलीस तक्रारीत यायला हवे. जोगेश्वरीचा मुलगा घर सोडून गेला तो पैसे गेल्यावर नव्हे, ते घरी कळल्यावर. मुलगा अबोल झाला, झोपेनासा झाला किंवा निघून जाण्याची भाषा करू लागला तर १०९८ ही बालकांसाठीची आणि १४४१६ ही मानसिक आरोग्यासाठीची टेलिमानस सेवा, या दोन्ही विनाशुल्क उपलब्ध आहेत.