दोन टेराबाइटच्या कॉपीला किती वेळ लागेल?

मोठी कॉपी किती वेळात होईल याचा अंदाज तीन आकड्यांवरून बांधता येतो: दोन यंत्रांना जोडणाऱ्या दुव्याचा वेग, दोन्ही टोकांच्या डिस्कचा वेग आणि प्रोटोकॉलचा, म्हणजे देवाणघेवाणीच्या नियमांचा, वरखर्च. मजकूर या सगळ्यांतून एकापाठोपाठ एक वाहत असल्यामुळे एकूण वेग ठरतो तो सर्वांत मंद टप्प्यावर. मात्र असंख्य लहान फाइली असल्या की हा हिशेब अपुरा पडतो आणि त्यात प्रत्येक फाइलमागचा ठराविक वेळ मिळवावा लागतो.

एका फोटो स्टुडिओचे उदाहरण घेऊ. यूएसबीने संगणकाला जोडलेल्या पोर्टेबल हार्ड डिस्कवर 2 टेराबाइट काम साठले आहे. त्यात 1.6 टेराबाइटचे मोठे व्हिडिओ आहेत आणि 400 गिगाबाइटमध्ये सरासरी 2 मेगाबाइटचे 2 लाख फोटो. हे सगळे गिगाबिट नेटवर्कवरच्या नॅसवर, म्हणजे नेटवर्कला जोडलेल्या सामायिक साठवणीच्या डब्यावर, न्यायचे आहे.

पहिली गल्लत एककांची होते. दुव्याचा वेग बिटांत सांगतात आणि फाइलचा आकार बाइटांत. एका बाइटमध्ये 8 बिट असतात. म्हणून गिगाबिट नेटवर्कचे सेकंदाला 1000 मेगाबिट म्हणजे 125 मेगाबाइट. शिवाय विंडोज आकार 1024 च्या पटीत मोजते, त्यामुळे 2 टेराबाइट मजकूर तिथे 1.82 टेराबाइट दिसतो. वेगाचे आकडे 1000 च्या पटीतले असल्याने विंडोजने दाखवलेल्या टेराबाइटना 1.1 ने गुणून मगच भागाकार करावा.

हे 125 मेगाबाइट पूर्णपणे फाइलच्या वाट्याला येत नाहीत. इथरनेटवर मजकूर तुकड्यांतून जातो. प्रत्येक तुकड्याला पत्ते, तपासणीचे बाइट आणि दोन तुकड्यांमधले सक्तीचे अंतर जोडलेले असते. हे सगळे धरून तारेवरची 1538 बाइटांची जागा खर्ची पडते, तेव्हा फाइलचे जास्तीत जास्त 1460 बाइट पलीकडे पोहोचतात. म्हणजे सुमारे 95 टक्के, सेकंदाला 118 मेगाबाइट. त्यावर फाइल-सामायिकीच्या एसएमबी प्रोटोकॉलचे स्वतःचे संदेश असतात. त्यामुळे सुस्थितीतल्या गिगाबिट नेटवर्कवर मोठी फाइल 110 ते 115 मेगाबाइटच्या वेगाने जाते. हीच त्याची कमाल मर्यादा.

आता डिस्क. यूएसबी 3.0 चा 5 गिगाबिट वेग पोर्टच्या जोडणीचा असतो. आतली फिरती तबकडी तितकी वेगवान नसते. तबकडीच्या बाहेरच्या कडेला एका फेरीत जास्त मजकूर मावतो आणि आतल्या कडेला कमी, त्यामुळे आत जाता जाता वाचनाचा वेग साधारण निम्म्यावर उतरतो. मिनिटाला 5400 फेऱ्यांच्या पोर्टेबल डिस्कवर बाहेर 130 मेगाबाइट मिळत असतील, तर आत 65 च्या आसपास मिळतात. म्हणजे सुरुवातीला नेटवर्क अडवते आणि पुढे डिस्क.

नेमका सरासरी वेग मोजूनच काढावा. डिस्क सहसा बाहेरून आत भरत जाते, म्हणून एक सर्वांत जुनी आणि एक अलीकडची, अशा 20 गिगाबाइटच्या दोन व्हिडिओ फाइली कॉपी करून वेळ घ्यावी. नुकत्याच उघडलेल्या किंवा लहान फाइली घेऊ नयेत. त्या संगणकाच्या मेमरीतूनच मिळतात किंवा तिच्यातच जिरतात आणि वेग खोटा दिसतो. समजा जुन्या फाइलला 180 सेकंद लागले आणि नव्या फाइलला 220. मिळून 40 गिगाबाइटला 400 सेकंद, म्हणजे सेकंदाला 100 मेगाबाइट. यात नेटवर्क, डिस्क आणि वरखर्च तिन्ही आले.

मग 1000 फोटोंचा, म्हणजे 2 गिगाबाइटचा, फोल्डर कॉपी करून पाहावा. 100 मेगाबाइटच्या वेगाने 20 सेकंद लागायला हवेत. प्रत्यक्षात 40 लागले. वरचे 20 सेकंद 1000 फोटोंत वाटले तर प्रत्येकी 20 मिलिसेकंद येतात. हा वेळ फोटो वाहून नेण्याचा नसतो. प्रत्येक फाइलसाठी नॅसवर नवी फाइल उघडणे, तारीख व गुणधर्म लिहिणे, ती बंद करणे असे संदेश जा-ये करतात आणि डिस्कच्या वाचकशीर्षाला नव्या जागी सरकावे लागते. 5400 फेऱ्यांच्या डिस्कला एका फेरीला 11 मिलिसेकंद लागतात, म्हणून शीर्ष जागेवर पोहोचल्यावरही हवा तो भाग खाली येईपर्यंत सरासरी साडेपाच मिलिसेकंद थांबणे आलेच.

आता बेरीज अशी:

```
व्हिडिओ     : 1600000 / 100   = 16000 सेकंद
फोटो        :  400000 / 100   =  4000 सेकंद
फोटोंमागे   :  200000 × 0.02  =  4000 सेकंद
एकूण        :                   24000 सेकंद
```

24,000 सेकंद म्हणजे 6 तास 40 मिनिटे. खोक्यावरचा यूएसबीचा वेग धरला असता तर उत्तर 53 मिनिटे आले असते आणि गिगाबिटचे कोरे 125 मेगाबाइट धरले असते तर साडेचार तास. कॉपीनंतर दोन्हीकडच्या फाइली पुन्हा वाचून पडताळायच्या असतील, तर जवळपास तेवढाच वेळ आणखी धरावा.

स्क्रीनवरचा उरलेला वेळ सतत बदलतो, कारण तो अलीकडच्या वेगावरून काढलेला असतो. व्हिडिओ संपून फोटो सुरू झाले की वेग 100 वरून 50 वर येतो. हा बिघाड नव्हे. आपल्या हिशेबात तो आधीच धरलेला आहे. मात्र मोठी फाइल जात असताना वेग ठराविक आकड्यावर अडला, तर कारण शोधावे. 11-12 मेगाबाइटवर अडला तर दुवा 100 मेगाबिटवर घसरला आहे. गिगाबिटला केबलमधल्या चारही जोड्या लागतात, 100 मेगाबिटला दोनच पुरतात. म्हणून एखादी तार तुटली तरी नेटवर्क चालू राहते, पण ही कॉपी दोन दिवसांहून जास्त लांबते. 35-40 वर अडला तर डिस्क बहुधा यूएसबी 2.0 च्या पोर्टमध्ये किंवा जुन्या केबलवर आहे.

विंडोजवर अशी कॉपी रोबोकॉपीने करता येते:

```
robocopy E:\ \\NAS\backup /E /MT:8 /R:1 /W:1
```

`/MT:8` मुळे एका वेळी आठ फाइली सुरू राहतात आणि संदेशांची वाट पाहण्यात जाणारा वेळ वाचतो. वाचकशीर्ष मात्र एकच असल्याने 20 मिलिसेकंदांचा आठवा हिस्सा होईल असे धरू नये. 1000 फोटोंची चाचणी याच आज्ञेने पुन्हा घ्यावी. `/R:1` आणि `/W:1` नसतील, तर रोबोकॉपी न वाचता येणाऱ्या फाइलसाठी 30-30 सेकंद थांबत 10 लाख वेळा प्रयत्न करते. अशी एक खराब फाइलही 6 तास 40 मिनिटांचा अंदाज मोडायला पुरते.