‘गणितात कच्चा’ या शेऱ्याचे काय करायचे?

महाराष्ट्रातील प्राथमिक शाळांच्या प्रगतिपुस्तकात श्रेणीसोबत वर्णनात्मक नोंद असते आणि त्यात ‘सुधारणा आवश्यक’ असा रकानाही असतो. तिथे बहुधा ‘गणितात कच्चा, लक्ष देत नाही’ असे लिहिलेले आढळते. यातला पहिला भाग मुलावर शिक्का मारतो, तर दुसरा निव्वळ अंदाज असतो. तो बदलून ‘छान प्रयत्न’ लिहिले, तर पालकांना अडचण कळतच नाही.

नोंद बदलण्यापूर्वी वही पाहावी लागते. समजा, पाचवीतला मुलगा ६१२ भागिले ६ याचे उत्तर १२ लिहितो. त्याला सहाचा पाढा येतो. मधल्या १ ला भाग जात नाही तेव्हा शून्य मांडायचे तेवढे राहून जाते. मग नोंद अशी होते : ‘पाढे पाठ आहेत. भागाकार अजून इयत्तेच्या अपेक्षेइतका जमत नाही. उत्तरातले मधले शून्य सुटते. रोज दोन उदाहरणे सोडवून गुणाकाराने पडताळावीत.’ बारा सक बहात्तर, म्हणजे चूक मुलालाच दिसते.

‘अजून’ हा शब्द इथे कामाचा आहे, पण त्यामागची उणीव गाळली तर तो पोकळ ठरतो. नाव झाकल्यावर नोंद वर्गातल्या कुणालाही लागू पडत असेल, तर ती पुन्हा लिहावी.