बाळाचा फोटो आणि आईचं नाव

नोकरीसाठी न्यू जर्सीत गेलेलं पुण्याचं जोडपं, दोघांचे पासपोर्ट भारतीय. बाळ मात्र तिथे जन्मल्यामुळे अमेरिकन नागरिक. आजीकडे यायचं तर त्याला व्हिसा हवा, नाहीतर ओसीआय कार्ड. हे दुहेरी नागरिकत्व नव्हे. मतदानाचा हक्क त्यातून मिळत नाही.

अर्ज ociservices.gov.in वर भरायचा. सोबत बाळाचा अमेरिकन पासपोर्ट, आईवडिलांची नावं असलेला जन्मदाखला, दोघांचे भारतीय पासपोर्ट, विवाह प्रमाणपत्र, पत्त्याचा पुरावा आणि दोघांच्या सह्यांचं संमतिपत्र.

मराठी घरांत गाडी अडते ती आईच्या नावावर. पासपोर्टवर माहेरचं आडनाव, जन्मदाखल्यावर सासरचं! दोन्हींचा दुवा विवाह प्रमाणपत्रातून जुळतो का, हे अर्जाआधीच पाहावं.

फोटो चौरस, दोन इंच बाय दोन इंच. पार्श्वभूमी साधी, फिकट रंगाची, पण पांढरी नको. अमेरिकन पासपोर्टसाठी काढलेला पांढऱ्या पार्श्वभूमीचा फोटो म्हणूनच चालत नाही. तान्ह्या बाळाला फिकट निळ्या चादरीवर निजवून वरून फोटो काढावा. डोळे उघडे, चेहरा समोर, चादरीला सुरकुती नको, आधार देणारा हात दिसायला नको.

सहीच्या चौकटीत बाळाच्या डाव्या अंगठ्याचा ठसा. शाई हलकीच लावावी, नाहीतर इवल्याशा अंगठ्याचा नुसता डाग उमटतो.