जप्त झालेला भाग आणि न हलणारे अधिमूल्य

कंपनीचा भाग घेताना सर्व रक्कम एकदम भरावी लागतेच असे नाही. रिलायन्स इंडस्ट्रीजने २०२० साली विद्यमान भागधारकांना हक्कभाग देऊ केले, तेव्हा १० रुपये दर्शनी मूल्याच्या भागाची किंमत १,२५७ रुपये होती. म्हणजे १,२४७ रुपये अधिमूल्य, व्यवहाराच्या भाषेत प्रीमियम. त्यापैकी ३१४.२५ रुपये अर्जासोबत घेण्यात आले आणि उरलेली रक्कम २०२१ मध्ये दोन मागण्यांद्वारे गोळा करण्यात आली. अशा अंशतः भरणा झालेल्या भागांचा पुढील हप्ता थकला, तर कंपनी ते भाग जप्त करू शकते. भागधारकाने तोवर भरलेल्या पैशाचे मग काय होते, याचे उत्तर रोजकीर्दीतील तीन-चार ओळींत सापडते.

एक उदाहरण

समजा, एका कंपनीने १० रुपये दर्शनी मूल्याचे भाग ५ रुपये अधिमूल्याने, म्हणजे १५ रुपयांस विक्रीस काढले. अर्जासोबत ४ रुपये, वाटपाच्या वेळी ७ रुपये (त्यांत अधिमूल्याचे ५ रुपये), पहिल्या मागणीस २ रुपये आणि अंतिम मागणीस २ रुपये, असे हप्ते ठरले.

एका निवृत्त शिक्षकांनी २०० भाग घेतले. अर्ज व वाटपाची रक्कम मिळून त्यांनी २,२०० रुपये भरले. पुढे त्यांनी घर बदलले, पण नवा पत्ता कंपनीस कळविला नाही. मागणीची पत्रे जुन्या पत्त्यावर गेली आणि दोन्ही मागण्यांचे ८०० रुपये थकले. दुसरीकडे एका दुकानदाराने १०० भागांसाठी अर्जाचे ४०० रुपये भरले आणि त्यानंतर काहीच भरले नाही.

जप्तीचा अधिकार कंपनीच्या नियमावलीतून येतो. कंपनी कायदा २०१३ मधील नमुना नियमावलीनुसार (तक्ता एफ) भागधारकास आधी नोटीस द्यावी लागते. रक्कम भरण्यासाठी किमान चौदा दिवसांची मुदत आणि रक्कम न भरल्यास भाग जप्त होऊ शकतील असा स्पष्ट इशारा त्या नोटिशीत असावा लागतो. त्यानंतर संचालक मंडळ ठराव करून भाग जप्त करते. त्या क्षणी भागधारकाचे सभासदत्व संपते. देणे मात्र संपत नाही. जप्तीच्या दिवशी थकलेल्या रकमेची त्याची जबाबदारी, कंपनीस ती पूर्ण मिळेपर्यंत, कायम राहते.

जप्तीची नोंद

शिक्षकांच्या २०० भागांची नोंद अशी होईल :

भाग भांडवल खाते — नावे रु. २,०००
पहिली मागणी खाते — जमा रु. ४००
अंतिम मागणी खाते — जमा रु. ४००
भाग जप्ती खाते — जमा रु. १,२००

दुकानदाराच्या १०० भागांची नोंद अशी :

भाग भांडवल खाते — नावे रु. १,०००
अधिमूल्य खाते — नावे रु. ५००
वाटप खाते — जमा रु. ७००
पहिली मागणी खाते — जमा रु. २००
अंतिम मागणी खाते — जमा रु. २००
भाग जप्ती खाते — जमा रु. ४००

दोन्ही नोंदी शेजारी ठेवल्या की फरक डोळ्यांत भरतो. दुसऱ्या नोंदीत अधिमूल्य नावे पडले आहे, पहिलीत त्याचा उल्लेखही नाही. शिक्षकांकडून अधिमूल्याचे १,००० रुपये प्रत्यक्ष मिळाले होते. एकदा मिळालेले अधिमूल्य कोणत्या कारणांसाठी वापरता येईल, हे कलम ५२ ने ठरवून दिले आहे. पूर्ण भरणा झालेले बक्षीसभाग देणे, भागविक्रीचा खर्च निर्लेखित करणे, स्वतःचे भाग परत विकत घेणे अशी ती मोजकी कारणे आहेत. भागांची जप्ती त्यांत बसत नाही, म्हणून ते १,००० रुपये जागचे हलत नाहीत. दुकानदाराच्या बाबतीत ५०० रुपये केवळ येणे म्हणून मांडले होते. पैसे आलेच नाहीत, तेव्हा ती जमा उलटविणेच प्राप्त आहे. रिलायन्सच्या भागांप्रमाणे प्रत्येक हप्त्यात अधिमूल्याचा वाटा असेल, तर न मिळालेला वाटा तेवढा उलटविला जातो आणि मिळालेला तसाच राहतो.

येथे आणखी एक चूक हटकून होते. भांडवल खाते नेहमी दर्शनी मूल्याने नावे केले जाते. वास्तविक ते जप्तीच्या दिवसापर्यंत मागितलेल्या भांडवलाने नावे करावयाचे असते. शिक्षकांचे भाग अंतिम मागणीपूर्वीच जप्त झाले असते, तर प्रत्येक भागामागे १० नव्हे, ८ रुपयेच नावे पडले असते.

पुनर्विक्री

जप्त भाग कंपनी पुन्हा विकू शकते. कलम ५३ ने भाग कसरीने, म्हणजे दर्शनी मूल्याहून कमी किमतीस, नव्याने काढण्यास सर्वसाधारणपणे मनाई केली आहे. परंतु हे भाग आधीच काढलेले असल्याने त्यांची कमी किमतीतील पुनर्विक्री त्या मनाईत येत नाही. मर्यादा एकच : दिलेली सूट त्या भागांच्या जप्त रकमेहून अधिक नसावी. शिक्षकांच्या भागावर ६ रुपये जप्त झाले, म्हणून तो ४ रुपयांच्या खाली विकता येणार नाही. दुकानदाराच्या भागाबाबत हीच सीमा ६ रुपये आहे.

समजा, शिक्षकांचे सर्व २०० भाग पूर्ण भरणा झालेले म्हणून ८ रुपयांस विकले गेले :

बँक खाते — नावे रु. १,६००
भाग जप्ती खाते — नावे रु. ४००
भाग भांडवल खाते — जमा रु. २,०००

जप्ती खात्यात या भागांचे ८०० रुपये उरतात. ही व्यवसायातील कमाई नसून भांडवली लाभ आहे, म्हणून :

भाग जप्ती खाते — नावे रु. ८००
भांडवली राखीव निधी खाते — जमा रु. ८००

दुकानदाराच्या १०० भागांपैकी मात्र ६० भागांनाच ७ रुपये दराने ग्राहक मिळाला, असे धरू. बँकेत ४२० रुपये आले आणि सूट १८० रुपये पडली. राखीव निधीकडे किती न्यावयाचे? घाईने ४०० मधून १८० वजा करून २२० रुपये नेले जातात, आणि ते चूक आहे. विकलेल्या ६० भागांवर २४० रुपयेच जप्त झाले होते. त्यांतून १८० वजा जाता ६० रुपये राखीव निधीकडे जातील. न विकलेल्या ४० भागांचे १६० रुपये जप्ती खात्यातच राहतील आणि ताळेबंदात भरणा झालेल्या भांडवलात मिळवून दाखविले जातील. जोवर भाग विकला गेला नाही, तोवर त्यावर किती सूट द्यावी लागेल हे ठरलेले नसते. म्हणून त्यावरील लाभही ठरलेला नसतो.

हिशेबाची पडताळणी

नोंदी बरोबर आहेत का, हे पाहण्याची एक सोपी रीत आहे. शिक्षकांनी भरलेले २,२०० आणि नव्या ग्राहकाने दिलेले १,६०० मिळून कंपनीकडे ३,८०० रुपये आले. आता खात्यांकडे पाहावे : भांडवल २,०००, अधिमूल्य १,०००, राखीव निधी ८००. बेरीज ३,८००. अधिमूल्य चुकून उलटविले असते, तर तेच १,००० रुपये जप्ती खात्यात शिरून राखीव निधी १,८०० दिसला असता. एकूण बेरीज जुळली असती, परंतु कायद्याने बांधलेला पैसा दुसऱ्याच नावाखाली गेला असता. म्हणून बेरजेवर न थांबता, प्रत्यक्ष मिळालेल्या अधिमूल्याइतकीच शिल्लक त्या खात्यात आहे ना, हेही स्वतंत्रपणे पाहावे लागते.

शिक्षकांच्या बाजूने पाहता, त्यांचे २,२०० रुपये गेले, भाग गेले आणि ८०० रुपयांचे देणे तेवढे मागे राहिले. पत्ता बदलल्याचे एक पत्र वेळीच गेले असते, तर यांतील एकही नोंद करण्याची वेळ आली नसती.